ऑफिसवरचा विनोद फुसका का जातो आणि तो पुन्हा कसा लिहायचा

ही पोस्ट बघा. अशी एखादी रोज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतेच.

> रोज ऑफिसला उशीर आणि रोज नवा बहाणा!
> बॉस: आज काय झालं?
> मी: सर, ट्रॅफिक होतं 😂😂
> कोण कोण असं करतं? त्या मित्राला टॅग करा!

वाचणारा मनात 'हो ना' म्हणतो, लाइक करतो आणि पुढं सरकतो. हसत मात्र नाही. उशिराचा अनुभव सगळ्यांचा असल्यामुळं पोस्ट ओळखीची वाटते आणि लिहिणाऱ्याला तेवढ्यावरच आपलं काम झालं असं वाटतं. ओळख पटणं आणि हसू येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता हीच पोस्ट घेऊन ती हसवेपर्यंत पुन्हा लिहू. विषय उशिराचाच ठेवायचा, ऑफिस बेळगावचं, उद्यमबागेतलं.

आधी पोस्ट दुसऱ्या गावात नेऊन बघा

वरची पोस्ट नागपूरच्या बँकेत नेली तर काय बदलतं? काहीच नाही. पुण्याच्या दवाखान्यात नेली तरी एक शब्द बदलावा लागत नाही. बॉस, ऑफिस, ट्रॅफिक, बहाणा हे सगळे रिकामे शब्द आहेत. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढं त्यातून ना माणूस उभा राहतो ना जागा.

दुसरी उणीव त्याहून मोठी आहे. साहेबानं विचारलं, मी उत्तर दिलं, संपलं. साहेबानं पुढं काही केलंच नाही. कुणाचा डाव कुणावर उलटला नाही. हे झाकायला शेवटी हसणारे चेहरे आणि 'टॅग करा' जोडलेलं आहे. म्हणून दुरुस्तीला बसताना पहिलं काम हेच: चेहरे, उद्गारचिन्हं आणि वाचणाऱ्याला विचारलेले प्रश्न काढून टाका. मग जे उरेल तेवढाच तुमचा विनोद. इथं उरतं 'आज काय झालं?' 'ट्रॅफिक होतं.' म्हणजे जवळपास काहीच नाही, आणि ते आताच कळलेलं बरं.

हसवायचं विसरा, माल गोळा करा

नवा माणूस इथं लगेच चटपटीत वाक्य शोधायला लागतो. थांबा. एक कागद घ्या आणि उशीर झाल्यावर तुमच्या ऑफिसात खरोखर काय काय होतं ते कोरड्या भाषेत लिहून काढा. कारण तोंडी सांगावं लागतं की लिहून द्यावं लागतं? कुठं लिहायचं? ते वाचतं कोण? आपल्या गावात कुठलं कारण हमखास चालतं?

उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्याच्या ऑफिसाचा कागद साधारण असा भरेल. टाइम ऑफिसच्या टेबलावर उशिराचं रजिस्टर आहे. नाव, वेळ, कारण, सही असे रकाने. पेन सुतळीनं बांधलेला. कारणाच्या रकान्यात निम्म्याहून जास्त जागी एकच गोष्ट, 'रेल्वे गेट'. मिरज-लोंढा मार्ग शहराच्या मधून जातो, टिळकवाडीत गेट पडलं की दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागते, त्यामुळं हे कारण खोटं आहे असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. रजिस्टर दहाच्या सुमाराला साहेबांच्या टेबलावर जातं. ते वाचतात, काही बोलत नाहीत, सही करतात.

यातलं चांगलं काय हे ओळखायची माझी पद्धत साधी आहे. त्या खोलीत उभं राहून ज्याच्याकडं बोट दाखवता येईल ते कामाचं. रजिस्टर दाखवता येतं. रकाना दाखवता येतो. 'ऑफिसातलं टेन्शन' दाखवता येत नाही, 'बॉसचा मूड' तर नाहीच. अशा गोष्टी कागदावर आल्या तर विचारा, हे मला कशावरून कळलं? साहेबांचा मूड ते कपबशी कशी ठेवतात त्यावरून कळत असेल, तर कपबशी लिहा.

गावाचं नाव घातलं म्हणजे तपशील आला असं नाही

कागद भरला की हात शिवशिवतात आणि पोस्ट अशी होते:

> बेळगावकर असाल तर समजेल! पावसात टिळकवाडीच्या गेटला अडकलो, तेवढ्यात कुंदा घेतला, सुतळी बांधलेल्या पेननं रजिस्टरात 'रेल्वे गेट' लिहिलं आणि साहेबांनी असं बघितलं की विचारू नका 😂

आपल्या भागातल्या पोस्टींचा हा सगळ्यात मोठा रोग. कुंदा आला, पाऊस आला, टिळकवाडी आली, पण विनोद होता तिथंच आहे. यातलं एकेक खोडून बघा. कुंदा खोडला, काही बिघडलं? नाही. पाऊस? नाही. सुतळीचा पेन मला फार आवडतो, तरी तो काढल्यावरही काही अडत नाही. ज्या तपशिलाला हात लावल्यावर सगळा विनोद कोसळतो तोच ठेवायचा, बाकीचे दुसऱ्या पोस्टीसाठी जपून ठेवायचे. शेवटचं 'विचारू नका' तर सरळ पळवाट आहे. साहेबांनी कसं बघितलं हेच सांगायचं होतं.

एवढ्या खोडाखोडीत टिकतात फक्त दोन गोष्टी: रजिस्टरातला कारणाचा रकाना आणि 'रेल्वे गेट'.

आता डाव आणि उलटा डाव

दोन माणसं शोधा, ज्यांना एकमेकांच्या विरुद्ध काहीतरी हवं आहे. इथं ती आयतीच आहेत. साहेबांना खोटं पकडायचंय, बाकीच्यांना निसटायचंय. साहेब काय करतील?

ते ओरडतील, हे पहिलं उत्तर डोक्यात येतं आणि म्हणूनच ते टाकायचं. ओरडणारा साहेब कुठल्याही ऑफिसात मिळतो. आपले साहेब रजिस्टर वाचून गप्प सही करणारे आहेत. असा माणूस वाद घालणार नाही, तो पुरावा मागवेल. गेट पडलं होतं की नाही हे ऑफिसात बसून कसं कळेल? गाडी कधी जाते ते कळलं की कळेल. म्हणजे साहेब रेल्वेचं टाइमटेबल आणतील आणि रजिस्टरशेजारी चिकटवतील.

इथं मी पहिल्यांदा हसतो. टाइमटेबल ही बोट दाखवता येणारी वस्तू आहे आणि तिच्यात सगळं आलं: साहेबांना कळलंय, त्यांना वादात पडायचं नाही, आणि 'आता बोला' असं ते भिंतीकडून म्हणवून घेतायत. 'आमचे साहेब फार हुशार' हे वाक्य आता लिहायची गरज नाही.

पण अजून निसटणाऱ्यांची पाळी आहे. टाइमटेबलात नाही अशी कुठली गाडी गेट पाडते? मालगाडी. प्रवाशांच्या वेळापत्रकात ती छापलेलीच नसते, आणि ती जायला वेळही चांगला लागतो.

बघा, दोन्ही चाली एकाच वस्तूतून निघाल्या, गेटमधून. बाहेरून काही आणावं लागलं नाही. तपशील खरा असला की पुढची चाल त्याच्याच पोटात सापडते. सापडत नसेल तर बहुधा तुम्ही चुकीचा तपशील धरून बसलाय, कागदावरचा दुसरा उचला.

याच टप्प्यावर एक सापळाही आहे. रजिस्टर म्हटल्यावर सगळ्यात वरच्यानं कारण लिहिलं आणि खालच्यांनी नुसतं डिट्टो केलं, हे सुचतंच. मग वरच्यानं 'बायकोला जुळी झाली' लिहिलं आणि खाली सगळे डिट्टो, इथपर्यंत आपण पोचतो. हा विनोद फार जुना आहे, निवृत्तीला आलेल्या प्रत्येक हेडक्लार्कला पाठ असतो. एखादी गोष्ट अगदी सहज आणि तयार घडीची सुचली तर ती आधी ऐकलेली असण्याचीच शक्यता जास्त. ऑफिसातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाला अर्धी सांगून बघा. उरलेली अर्धी त्यानं पूर्ण केली, तर सोडून द्या.

आता पहिला कच्चा मसुदा:

> उशीर झाला की आम्ही रजिस्टरात 'रेल्वे गेट पडलं' असं लिहितो. म्हणून साहेबांनी रजिस्टरशेजारी रेल्वेचं टाइमटेबल चिकटवलं. मग मी 'मालगाडी' असं लिहिलं, कारण मालगाडी टाइमटेबलमध्ये नसते.

सगळा माल आत आलाय. तरी हसू अर्धंच येतं. उरलेलं काम वाक्यांचं.

शेवटचा शब्द शेवटी कसा आणायचा

मराठीत लिहिणाऱ्याला इथं एक खास अडचण आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. 'मी मालगाडी असं लिहिलं' या वाक्यात 'मालगाडी' आली, वाचणारा हसणार, तेवढ्यात 'असं लिहिलं' हे दोन शब्द त्याच्या मध्ये येतात. बोलताना आपण त्या शब्दाशी थांबतो, हात करतो, पुढचे दोन शब्द गिळून टाकतो. कागदावर ते गिळता येत नाहीत.

उपाय सोपा आहे, क्रियापद आधी उरकून घ्यायचं. 'लिहिलंय, मालगाडी.' म्हटलं, विचारलं, लिहिलं, निघालं, सापडलं ही क्रियापदं अशी पुढं आणली तर मराठीला ओढाताण होत नाही, आपण गप्पांत तसंच बोलतो. सगळीच क्रियापदं हलवू नका मात्र. 'चिकटवलं साहेबांनी टाइमटेबल' अशी पोस्टभर वाक्यं केली तर ती नाटकी वाटतात. शेवटच्या एका वाक्यापुरतंच हे करायचं.

'कारण मालगाडी टाइमटेबलमध्ये नसते' हा तुकडा तर काढायचाच. ते वाक्य वाचणाऱ्यानं मनात स्वतः म्हणायचं आहे, हसू त्यातूनच फुटतं. तुम्ही ते म्हटलंत तर त्याला करायला काही उरत नाही. पण मग कुणाला कळलंच नाही तर? ही भीती प्रत्येक नव्या लिहिणाऱ्याला वाटते. उपाय शेवटी समजावण्यात नाही, आधीच्या वाक्यात सोय करण्यात आहे. टाइमटेबल हा शब्द स्पष्ट आला की मालगाडी त्यात नसते हे वाचणाऱ्याला जोडता येतं. 'साहेबांनी भिंतीवर एक कागद लावला' असं मोघम लिहिलं असतं तर जोडता आलं नसतं.

आता 'मी' राहू द्यायचा का? मी लिहिलं तर विनोद माझ्या हुशारीचा होतो, आणि स्वतःची हुशारी सांगणाऱ्यावर लोक जरा कंजूसपणे हसतात. 'सगळ्यांनी लिहिलं' म्हटलं तर ते खोटं वाटतं. 'चार जणांनी' मला योग्य वाटतं. चार माणसांना, एकमेकांना न विचारता, एका दिवसात तीच पळवाट सापडली, हे 'मी'पेक्षा कितीतरी गमतीचं आहे. आकडा ऑफिसच्या मापाचा हवा. दहा-पंधरा माणसांच्या ऑफिसात चार शोभतात. चाळीस म्हटलं की गोष्ट लगेच बनावट वाटायला लागते.

आणखी एक गोष्ट कमी आहे. साहेबांची चाल आणि उलटी चाल लागोपाठ येतात, त्यामुळं साहेब जिंकले असं वाटायला वेळच मिळत नाही. त्यांना एक दिवस जिंकू द्या.

> उशीर झाला की आमच्यात सगळे रजिस्टरात 'रेल्वे गेट पडलं' असं लिहितात.
> सोमवारी साहेबांनी रजिस्टरशेजारी रेल्वेचं टाइमटेबल चिकटवलं.
> मंगळवारी कुणालाच उशीर झाला नाही.
> आज चार जणांनी लिहिलंय, 'मालगाडी'.

तिसरी ओळ अगदी साधी आहे, तीत विनोद नाही आणि नसायलाच हवा. विषय मात्र तिथं संपल्यासारखा वाटतो, आणि म्हणून चौथी ओळ चढते. 'बॉस' कुठंच नाही, कारण आपल्याकडं त्याला साहेब म्हणतात. टिळकवाडी नाही, उद्यमबाग नाही, कुंदा नाही. तरी ही पोस्ट दुसऱ्या गावात नेऊन बघा, ज्या गावात रूळ वस्तीतून जात नाहीत तिथं ती उभीच राहत नाही.

आपल्या भागातली भाषा किती आणायची

'येऊलालो साहेब, गेट पडलंय' हे बोलणं कानाला गोड लागतं, पण अख्खी पोस्ट तशी लिहिली तर वाचणारा भाषेवर हसतो आणि मालगाडी मागं राहते. बोलीतलं वाक्य पात्राच्या तोंडी द्या, सांगणाऱ्याची भाषा साधी ठेवा.

कन्नडचंही तसंच. निपाणी, खानापूर, चिक्कोडीकडं सरकारी कचेरीत खेटे घालणाऱ्यांवर पोस्ट लिहायची तर 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' हे कुठल्याही राज्यात चालतं. त्याऐवजी असं:

> तीन महिने एका दाखल्यासाठी हेलपाटे घातल्यावर आमच्या मामांना कन्नडातलं एक वाक्य अगदी अस्खलित येतं: 'नाळे बर्री.'

बेळगावच्या वाचकाला 'उद्या या' हे सांगायला नको. कोल्हापूरच्या वाचकाला शब्द माहीत नसेल, पण हेलपाटे आधी आल्यामुळं अंदाज येतो. तीन महिने हेलपाटे घातलेल्या माणसाला कचेरीत दुसरं काय ऐकायला मिळणार? हसण्याचा विषय मामांचं शिक्षण आहे, कन्नड भाषा किंवा ती बोलणारा कारकून नाही. हे इथं जास्त सांभाळावं लागतं. 1956 पासून सीमाप्रश्न चालू आहे आणि भाषेवरून केलेली चेष्टा पाच मिनिटांत ऑफिस सोडून त्या वादात जाते, मग रजिस्टर आणि दाखला कुणाच्या लक्षात राहत नाही. 1 नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आसपास तर अशी पोस्ट मी ठेवूनच देईन.

पाठवण्याआधी

एका माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि तो तुमच्या ऑफिसातला नको. त्याचं तोंड बघा. शेवटच्या शब्दावर हसला तर ठीक. हसायच्या आधी क्षणभर थांबला तर त्याहून चांगलं, म्हणजे त्यानं स्वतः जोडलं. 'हो, आमच्याकडंही असंच असतं' म्हणाला आणि हसला नाही, तर पोस्ट अजून ओळखीपाशीच अडकलीय, उलटा डाव कमजोर आहे. 'मग?' असं विचारलं तर शेवटच्या शब्दाला लागणारी माहिती आधी आलेली नाही. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीलाच हसला आणि शेवटी नाही, तर पोस्ट तिथंच तोडा. कित्येकदा खरा शेवट लिहिणाऱ्याला दिसत नाही, ऐकणाऱ्याला दिसतो.

मग गावातल्या माणसाच्या नजरेनं एकदा तपासा. विनोदातली घटना रचलेली चालते, पण वस्तू खोट्या चालत नाहीत. बेळगावात कपिलेश्वर मंदिराजवळ आता उड्डाणपूल आहे, तिथं गेट पडलं असं लिहिलंत तर वाचणारा हसायचं सोडून तुम्हाला दुरुस्त करायला बसेल. जागेचं नाव विनोदाला लागत नसेल तर ते न घेणंच सोयीचं.

शेवटचं राहिलं ते माणसांचं. तपशील खरा असला की माणूस ओळखू येतो, आणि साहेबही त्याच ग्रुपात कुणाच्या तरी फोनवरून डोकावत असतात. वस्तू ठेवा, माणूस बदला. रजिस्टर, टाइमटेबल आणि मालगाडी तशीच राहू द्या. स्टोअर्समधला असेल तर 'आमच्यातला' म्हणा, साहेब बाई असतील आणि ऑफिसात एकच बाई साहेब असतील तर 'साहेब' एवढंच पुरे, घटना दुसऱ्या वाराला न्या. हे बदलून विनोदाला धक्का लागत नाही, कारण तो माणसाच्या ओळखीवर उभा नव्हताच. एखादी पोस्ट फक्त अमुक माणूस कोण हे कळल्यावरच हसवत असेल, तर ती ग्रुपवर टाकू नका, चहाच्या टपरीवर सांगा.